दोनशे बारा सुटी पानं: आजोबांच्या टंकलिखित आठवणींचा क्रम परत लावताना

हे प्रकरण माझ्याच घरचं आहे. माणसांची नावं आणि काही ओळखीच्या खुणा गाळल्या आहेत. आजोबांना हा मजकूर वाचून दाखवला आहे आणि त्यांनी जेवढं सांगायला हरकत नाही म्हटलं तेवढंच इथे आहे.

पार्श्वभूमी

आजोबा पाटबंधारे खात्यात टंकलेखक होते. १९९६ मध्ये, अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर निवृत्त झाले. कार्यालयातून निर्लेखित झालेलं एक मराठी टंकलेखन यंत्र त्यांनी लिलावात घेतलं होतं. पुढच्या वर्षीपासून त्यावर ते आठवणी टाइप करत बसले. फूलस्केप कागद, एकाच बाजूला मजकूर, डाव्या कोपऱ्यात भोक पाडून टॅग ओवलेला आणि वरखाली निळा पुठ्ठा. म्हणजे खात्याच्या नस्तीसारखीच बांधणी.

पानांवर क्रमांक मात्र नव्हते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नस्त्यांना पृष्ठांक घातलेल्या माणसानं स्वतःच्या पानांना ते का घातले नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. मधे पानं घालायची, काढायची, हलवायची असं चालूच होतं. "क्रमांक शेवटी घालीन," म्हणायचे. तोवर डोळे गेले. आता कडेचं थोडं दिसतं, पण वाचता येत नाही.

२०२१ मध्ये आजोबा त्र्याऐंशी वर्षांचे होते आणि सांगलीला काकांकडे राहत होते. पानांची एक प्रत असावी म्हणून काकांनी टॅग सोडून सगळा गठ्ठा झेरॉक्सच्या दुकानात नेला. तिथल्या यंत्रात पानं अडकायला लागली, काम अर्धवट राहिलं, आणि काकांनी तसाच सुटा गठ्ठा पुठ्ठ्यांसकट पाकिटात घालून मला पुण्याला पाठवला. वाटेत पाकीट फाटलं. कुणीतरी पानं गोळा करून दुसऱ्या पिशवीत भरली आणि चिकटपट्टी लावली. माझ्या हातात आली तेव्हा काही पानं उलटी होती, काही दुमडलेली. मोजली तर दोनशे बारा भरली.

अडचण

पानं ओळीनं लावायची, एवढीच अडचण आहे असं मला पहिल्या संध्याकाळी वाटलं होतं. खरी अडचण तिसऱ्या आठवड्यात समजली. ओळ एकच नव्हती. घटना घडल्या तो एक क्रम, आजोबांनी पानं टाइप केली तो दुसरा, आणि शेवटी त्यांनी ती टॅगमध्ये ओवली तो तिसरा. हे तिन्ही जुळत नव्हते. नुसतं "क्रम लावते" म्हणताना यांतला कोणता लावायचा हे मी ठरवलंच नव्हतं.

पहिला निर्णय, आणि तो चुकला

पिशवी उघडल्याबरोबर मी दिवाणावर पानं पसरली आणि लावायला बसले. वरची छत्तीस पानं तीन ढिगांत टाकून झाल्यावर आई म्हणाली, "अगं, आली तशी तरी कुठं टिपून ठेवलीस का?" मी ठेवली नव्हती.

गठ्ठा हातातून पडतो तेव्हा पत्ते पिसल्यासारखी सगळी पानं एकमेकांत मिसळत नाहीत. चार-चार, आठ-आठ पानांचे थर एकत्र सरकतात आणि तसेच उचलले जातात. म्हणजे आलेल्या विस्कळीत गठ्ठ्यातही मूळ क्रमाचे तुकडे शिल्लक असतात. पहिल्या छत्तीस पानांतले हे तुकडे मी वीस मिनिटांत मोडले. पुढे ज्या जागा सगळ्यात जास्त छळल्या, त्या याच छत्तीस पानांतल्या होत्या.

उरलेल्या एकशे शहात्तर पानांच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, मऊ २बी पेन्सिलीनं फार न दाबता आगमनाचा क्रमांक घातला: आ-१, आ-२ असा. पान उलटं आलं असेल तर तसं लिहिलं. मग प्रत्येकाचा फोनवर फोटो काढला. पेन्सिल मऊच हवी, कारण या कागदाला कडक टोकाचा चर पडतो आणि तो समोरच्या बाजूनं दिसतो. गंजलेल्या चार टाचण्या होत्या. त्या ओढल्या नाहीत. टाचणीखाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून आधी गंज कागदापासून सुटा केला आणि मग काढल्या.

विचारात घेतलेले पर्याय

सगळ्यात सोपा पर्याय सनावळीचा होता. आजोबांच्या मजकुरात तारखा भरपूर आहेत. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, मग उजनीची वर्षं. लहानपणापासून निवृत्तीपर्यंत सरळ रेषा ओढता आली असती, आणि वाचायलाही ते सोयीचं झालं असतं.

दुसरा पर्याय आजोबांनाच विचारायचा. मी फोन केला. "तारखेनं लाव की," ते म्हणाले, "तुला कशाला त्रास." हे उत्तर मी दोन आठवडे आदेश म्हणून धरलं. खरं तर त्यांना माझी काळजी वाटत होती. स्वतःच्या पुस्तकाबद्दलचं मत त्यात नव्हतंच.

तिसरा पर्याय म्हणजे पानांनाच विचारायचं: वाक्यं कशी जुळतात, शाई कशी आहे, डाग कुठे आहेत. याला वेळ लागणार होता.

मी पहिल्यापासून सुरुवात केली आणि सनावळीनं लावून टाकलं. दोन रविवार गेले. मग लहानपणच्या प्रकरणाचं पहिलं पान वाचताना अडखळले. तिथे लिहिलं होतं, "वर सांगितलेली ती ओली यादी हातात होती तेव्हा मला आईचा हात आठवला." कसली यादी? माझ्या रचनेत याच्या वर काहीच नव्हतं. यादी येत होती ती शंभर पानांनंतर, भूकंपाच्या प्रकरणात. सनावळीचा पर्याय मी तिथेच सोडला.

काय केलं: वाक्यांच्या साखळ्या

आजोबा पानाचा शेवट पाहून वाक्य संपवणारे नव्हते. रोलरवरचा कागद संपला की नवा घालून पुढचा शब्द. त्यामुळे बहुतेक पानं वाक्याच्या मधेच तुटतात, आणि मराठी व्याकरण इथे फार कामाला येतं. पान "च्या"वर संपलं की पुढे कोणती नामं येऊ शकतात यावर लगेच मर्यादा पडते. "चा"वर संपलं तर पुंल्लिंगी एकवचनच हवं.

पण व्याकरण वगळायला मदत करतं, निवडून देत नाही. एक पान असं संपत होतं: "कागद ओला होता आणि माझी". पुढच्या पानासाठी तीन उमेदवार निघाले. एक "बोटं कळांवर टिकत नव्हती", दुसरं "सायकल दाराशी तशीच उभी होती", तिसरं "बदली झाल्याचं पत्र". तिन्ही चालतात, कारण "माझी" स्त्रीलिंगी एकवचनालाही लागतं आणि नपुंसकलिंगी अनेकवचनालाही. अर्थानं पहिलं बरोबर वाटत होतं. पण "बरोबर वाटतं" एवढ्यावर पान चिकटवायचं नाही, असं मी तोपर्यंत ठरवलं होतं. अशा जोड्या पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह घालून ठेवल्या आणि दुसरा पुरावा मिळेपर्यंत पक्क्या केल्या नाहीत.

या कामाच्या शेवटी दोनशे बारा सुट्या पानांच्या सत्तावीस साखळ्या झाल्या. साखळीतली पानं पक्की होती, पण साखळी साखळीला कुठे जोडायची हे वाक्यांवरून कळत नव्हतं, कारण प्रकरणाच्या शेवटी वाक्य पूर्ण होतं.

काय केलं: काना आणि डाग

आधी मी रिबनकडे वळले. नवी रिबन काळीभोर उमटते, मग हळूहळू फिकी होते. कापडी रिबन एका रिळावरून दुसऱ्यावर आणि परत अशी फिरत राहते, त्यामुळे शेजारच्या दोन पानांत फरक दिसत नाही. फिक्याकडून एकदम काळ्याकडे उडी दिसते ती रिबन बदलल्याची. यावरून ढोबळ गट पडले, त्यापलीकडे काही नाही.

जास्त उपयोग झाला तो कान्याचा. आजोबांच्या यंत्रावर ण, श, भ, ध अशी अक्षरं दोन ठोक्यांत होतात: आधी अर्धं अक्षर, मग काना. म्हणजे काना प्रत्येक ओळीत अनेकदा उमटतो. काही पानांवर तो अखंड होता. काहींवर त्याचं खालचं टोक तुटलेलं दिसत होतं. आणि काहींवर तो पुन्हा अखंड होता, पण ओळीच्या किंचित वर चढलेला. अक्षराचा धातूचा ठसा दांडीवर डाख देऊन बसवलेला असतो. तुटका ठसा काढून दुसरा बसवला आणि तो केसभर वर बसला, तर असंच उमटतं. आजोबांना विचारलं तेव्हा लगेच म्हणाले, "हो, मिरजेहून माणूस आला होता. कान्याला उंच बसवून गेला."

म्हणजे टाइप करण्याचे तीन काळ मिळाले: अखंड, तुटका, चढलेला. लहानपणची जवळजवळ सगळी पानं अखंड कान्याची होती, भूकंपाची एक सोडून सगळी तुटक्या कान्याची. इथे मी पुन्हा घसरले. आधी टाइप केलं ते आधी ठेवायचं, असं धरून लहानपण पुढे आणि भूकंप मागे लावला. सनावळीचा क्रम मागच्या दारानं परत आला होता.

त्यातून बाहेर काढलं ते पाण्याच्या डागानं. अडुसष्ट पानांच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात तपकिरी कडेचा डाग होता. एका पावसाळ्यात कपाटावर ठेवलेल्या नस्तीवर कौलातून पाणी गळलं होतं, हे काकांना आठवत होतं. पाणी वरून झिरपलं तर वरच्या पानावर डाग मोठा आणि खाली जाताना लहान होत जातो. अडुसष्ट पानं डागाच्या आकारानं लावली तर वाक्यांच्या साखळ्या कुठेही मोडल्या नाहीत. "माझी" आणि "बोटं" या दोन पानांचे डागही एकावर एक बसले, आणि ते प्रश्नचिन्ह मी खोडलं.

सगळ्यात मोठा डाग भूकंपाच्या पानांवर होता. लहानपणची पानं त्याच्या खाली होती.

वरखाली उलट तर नसेल? पाणी खालून आलं असतं तर हाच क्रम उलटा वाचावा लागला असता. म्हणून पुठ्ठे पाहिले. वरच्या पुठ्ठ्यावर आजोबांनी डकवलेली चिठ्ठी होती आणि त्याच कोपऱ्यात डाग. खालचा पुठ्ठा कोरडा. शिवाय भिजलेल्या पुठ्ठ्याचा निळा रंग उतरून एका, फक्त एकाच पानाला लागला होता. ते पान असं सुरू होतं: "११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे मी जागा झालो तो भिंत पडल्यामुळे नव्हे, तर आवाज बंद झाल्यामुळे."

पुस्तकाचं पहिलं वाक्य हे होतं.

मग ते अडखळवणारं पान पुन्हा काढलं. लहानपणच्या अखंड कान्याच्या पानांत तेवढं एकच तुटक्या कान्याचं होतं. भूकंप पुढे आणल्यावर आजोबांनी दोन प्रकरणं सांधायला ते एक पान नव्यानं टाइप केलं होतं. त्याची जुनी प्रतही गठ्ठ्यात सापडली, अखंड कान्याची, डाग नसलेली, यादीचा उल्लेख नसलेली.

मी हे त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पहाटे सव्वाचारच्या पुढं झालं ते. सकाळी ताडपत्रीखाली टेबल टाकून मी गेलेल्यांची यादी टाइप करायला बसलो. तिथूनच सुरू होतं गं. त्याच्या आधीचं सगळं मला त्याच्यानंतर आठवायला लागलं." त्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. यादी त्यांच्या हातून गेली होती, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

काय केलं: आजोबांना वाचून दाखवणं

डाग जिथे संपतो त्याच्या पुढच्या साखळ्यांसाठी पुन्हा आजोबांकडेच जावं लागलं. या खेपेला "पुढं काय होतं?" असं विचारलं नाही. त्या प्रश्नानं ते गोंधळायचे. साखळीच्या शेवटच्या दोन ओळी वाचायच्या आणि थांबायचं. बऱ्याचदा ते पुढचं वाक्य स्वतःच म्हणायचे, कधी शब्दशः. संध्याकाळी थकलेले असत, म्हणून सकाळच्या चहानंतर अर्धा तास, तेवढंच.

पण त्यांच्या स्मरणातही दोन खर्डे होते. दोनदा त्यांनी म्हटलेलं पुढचं वाक्य जुन्या, बदललेल्या पानावरचं निघालं. म्हणून त्यांचं सांगणं मी दुसऱ्या कुठल्या तरी खुणेशी ताडून पाहत होते: रिबनचा गट, आ-क्रमांकांचा शेजार, नाहीतर टॅगच्या भोकाची झीज.

सगळ्यात अवघड जागा

भूकंपाच्या प्रकरणात एक पान डागाविना होतं. काना चढलेला, म्हणजे मिरजेच्या दुरुस्तीनंतरचं. ओळींतलं अंतर बाकीच्या पानांपेक्षा सैल. त्याच सुरुवातीचं आणि त्याच शेवटच्या शब्दाचं आणखी एक पान होतं. त्यावर तुटका काना आणि डाग, मागच्यापुढच्या पानांशी तंतोतंत जुळणारा. मधला मजकूर वेगळा.

काय झालं होतं ते टाइप शिकलेल्या माणसाला लगेच कळेल. मजकूर गाळायचा, पण पुढची वीस पानं पुन्हा टाइप करायची नसतील, तर नवं पान त्याच शब्दावर संपवावं लागतं. आजोबांनी ओळी सैल करून ते साधलं होतं.

मी जुनं पान फोनवर वाचून दाखवलं. फोन स्पीकरवर होता आणि काका-काकू समोर बसले होते. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त खंत आहे ती याची. आजोबा म्हणाले, "ते पान मी काढलं होतं," आणि फोन बंद करायला सांगितला.

यादीत एक नाव चुकून टाइप झालं होतं, एवढं लिहायला त्यांची परवानगी आहे. बाकीचं नाही.

पुढच्या शनिवारी मी सांगलीला गेले. दार लावून दोघंच बसलो. माझ्यासमोर तीन मार्ग होते: जुनं पान परत आत घालायचं, ते फाडायचं, किंवा वेगळं ठेवायचं. लेखक समोर बसलेला असताना हे मी ठरवण्यात अर्थ नव्हता. मी विचारलं. ते म्हणाले, "फाडायचं असतं तर तेव्हाच फाडलं असतं मी. पण आतही नको. पाकिटात घाल, आणि मी असेपर्यंत ते माझ्या कपाटात राहू दे." तसंच केलं. नस्तीत त्या जागी नवं पान आहे.

निकाल

दोनशे बारा पानांपैकी दोनशे एक मूळ क्रमानं लागली. नऊ पानं बदललेल्या मजकुराच्या जुन्या प्रती निघाल्या. त्यांतली आठ नस्तीच्या शेवटी स्वतंत्र ओवली आणि कुठल्या पानाची कोणती प्रत ते वर चिठ्ठीवर लिहिलं. नववं पाकिटात आहे. दोन पानं कुठेच बसली नाहीत.

एक पान हरवलेलं आहे हेही याच खुणांवरून कळलं. लहानपणच्या प्रकरणात एक पान "आक्काचा" या शब्दावर संपतं, पुढच्या डागाचं पान मात्र "निघालो" असं सुरू होतं. डागाचा आकारही तिथे एकदम उडी घेतो. त्या जागी कोरा कागद घालून "एक पान नाही" असं लिहिलं. आजोबांनी तो प्रसंग तोंडी सांगितला. तो मी संगणकावर टाइप करून, तारीख घालून, वेगळा जोडला. जुन्या पानाचं सोंग त्याला दिलं नाही.

शेवटी पृष्ठांक घातले. आजोबांच्या सांगण्यावरून पेन्सिलीनंच. क्रम कशावरून ठरवला याची तीन पानी टीप पुढे आहे, म्हणजे उद्या कुणाला माझं एखादं ठरवणं चुकीचं वाटलं तर त्याला तिथून मागे जाता येईल. मागचे आ-क्रमांक पुसले नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

टॅग सुटण्याआधी पृष्ठांक घालणं काकांना फार वेळाचं काम नव्हतं, पण त्यांना दोष देण्यात काही नाही. ते आजोबांचा मजकूर वाचवायलाच निघाले होते. माझ्यापुरतं म्हणायचं तर पहिल्या छत्तीस पानांना हात लावण्याआधी क्रमांक घालायला हवे होते. ती दोन न बसलेली पानं दोन्ही त्या छत्तीसांतलीच आहेत.

पुठ्ठे मी पहिल्या दिवशी बाजूला टाकले आणि पाचव्या आठवड्यात पाहिले. आधी पाहिले असते तर निळ्या डागाचं पान पहिल्याच दिवशी हाती आलं असतं. आणि वाचून दाखवण्याआधी "ऐकायला कोण बसलंय" हे आजोबांना विचारायला हवं होतं.

त्या दोन पानांपैकी एक उजनीच्या वसाहतीतल्या चिंचेच्या झाडाबद्दल आहे. वाक्य पूर्ण होतं, पान अर्ध्यावर संपतं, काना चढलेला. आजोबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "हे कुठंतरी घालायचं होतं मला, जागा सापडत नव्हती." ते सध्या नस्तीच्या आतल्या खिशात आहे. दर खेपेला गेले की ते विचारतात, आणि मी ते वाचून दाखवते.